कळीचा माणूस निघाला असता वरिष्ठांस काय लिहावे

कामाची मुदत महिन्यावर येऊन ठेपली असता, ज्याच्या हातावर त्या कामाचा सर्वांत अवघड भाग उभा आहे असा माणूस एके सकाळी राजीनामा देतो, तेव्हा टीमच्या प्रमुखापुढे दोन कामे एकदम येतात : विस्कटलेल्या कामाची घडी पुन्हा बसविणे आणि ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घालणे. पहिल्या कामाविषयी पुष्कळ विचार होतो. दुसरे मात्र बहुधा दोन ओळींच्या ई-मेलने, किंवा जेवणाच्या सुटीत साहेबांना गाठून घाईघाईने, उरकले जाते, आणि 'थोडा उशीर होईल, पण मॅनेज करू' अशा मोघम शब्दांत सांगितलेल्या त्या गोष्टीची किंमत पुढे कित्येक आठवडे सर्वांना मोजावी लागते. माझ्या मते या प्रसंगी वरिष्ठांना नुसती बातमी पुरेशी नसते. त्यांना निर्णय घ्यावयाचा असतो, आणि तो निर्णय घेण्याजोगी सामग्री वेळेवर त्यांच्या हाती देणे हेच त्या पत्राचे खरे प्रयोजन होय. ते पत्र कसे सिद्ध करावे हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

समजा, पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेचे काम आहे. बँकेची सर्व खाती जुन्या प्रणालीतून नव्या कोअर बँकिंग प्रणालीत न्यावयाची आहेत. या क्षेत्रातील लोक ज्याला मायग्रेशन म्हणतात ते हे काम. पाच जणांची टीम आहे. त्यांपैकी एक जण, जो कर्जखात्यांच्या व्याजाचे नियम रूपांतरित करण्याचा भाग सांभाळतो आणि रूपांतरानंतर खतावणीशी जुळणी करून पाहण्याचा प्रोग्रॅमही ज्याने एकट्याने लिहिला आहे, तो सोमवार, 7 जुलै रोजी राजीनामा देतो. करारानुसार नोटिशीची मुदत 60 दिवसांची असली, तरी शिल्लक रजा आणि उरलेल्या दिवसांचा पगार नव्या कंपनीने भरण्याची तयारी यांमुळे, त्याचा शेवटचा दिवस शुक्रवार, 18 जुलै हा ठरतो. मायग्रेशनची ठरलेली तारीख आहे शनिवार, 9 ऑगस्ट.

ही तारीख शनिवारची का, हे लक्षात घेतल्यावाचून उशिराचा हिशेब मांडता येत नाही. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असतो. बँकेच्या शाखा बंद असताना, शुक्रवारी दिवसाचे काम संपल्यापासून सोमवारी कॅश काउंटर उघडेपर्यंत, जुनी प्रणाली थांबवून नवी सुरू करण्यास जो अवधी लाभतो तो या जोड-सुटीतच. म्हणजे 9 ऑगस्ट चुकला तर पुढची संधी 23 ऑगस्ट, आणि तीही चुकली तर 13 सप्टेंबर. त्यानंतरचा चौथा शनिवार, 27 सप्टेंबर, हा सहामाहीच्या अखेरीस अगदी लागून येत असल्यामुळे कोणतीही शहाणी बँक त्या दिवशी आपली दप्तरे हलवू देणार नाही. यास्तव येथे 'चार दिवस उशीर' असा प्रकारच संभवत नाही : चार दिवसांचा उशीर म्हणजे प्रत्यक्षात दोन किंवा तीन आठवड्यांचा उशीर. बहुतेक धंद्यांत अशा काही ठरीव खिडक्या असतात, जहाजाची तारीख असते, लेखापरीक्षणाचा आठवडा असतो, शाळा उघडण्याचा दिवस असतो. आणि 'किती दिवस लागतील' यापेक्षा 'कोणती खिडकी हुकेल' हे वरिष्ठांना कळणे अधिक महत्त्वाचे असते.

आता क्रम. राजीनामा हाती आला त्याच दिवशी, तपशिलाची वाट न पाहता, वरिष्ठांना तोंडी सांगावे आणि लगोलग दोन-तीन ओळींत लेखी इत्तला द्यावी. सविस्तर हिशेब तयार झाल्यावरच सांगू, असा विचार सद्भावनेने केला तरी तो घातक ठरतो. कारण दरम्यान हीच गोष्ट मनुष्यबळ विभागाकडून किंवा कँटीनमधल्या बोलण्यातून साहेबांपर्यंत पोचते, आणि मग तुमच्या हिशेबापेक्षा तुमच्या मौनाविषयीच अधिक चर्चा होते. ही पहिली इत्तला अशी असावी : 'सर, कर्ज-व्याजाचा भाग पाहणाऱ्या सहकाऱ्याने आज राजीनामा दिला असून त्याचा शेवटचा दिवस 18 जुलै आहे. 9 ऑगस्टच्या तारखेवर याचा परिणाम होईल असे मला वाटते. किती, ते मी त्याच्याबरोबर बसून तपासतो आहे. बुधवारी सायंकाळपर्यंत आकडे व पर्याय आपणांस लेखी देतो. तोपर्यंत बँकेला नवी तारीख सांगू नये अशी विनंती.' या पत्रात अंदाज नाही, धीर देणे नाही आणि क्षमायाचनाही नाही. बुधवारचे वचन मात्र आहे, आणि ते पाळणे पुढच्या सर्व विश्वासाचा पाया आहे.

सोमवार ते बुधवार या अवधीत जे करावयाचे, त्यावर पत्राचे वजन अवलंबून असते. जाणाऱ्या माणसाला 'तुझे काम किती झाले?' असे विचारले तर तो अगदी प्रामाणिकपणे 'नव्वद टक्के' असे सांगेल, कारण जे राहिले आहे ते त्याच्या डोक्यात तयार आहे आणि त्याच्या दृष्टीने ते जवळजवळ झालेच आहे. पण ते डोके 18 तारखेस जाणार आहे. म्हणून विचारण्याऐवजी पाहावे. त्याचे काम पुढे जो उचलणार आहे त्या सहकाऱ्याला त्याच्या शेजारी बसवावे, आणि त्या सहकाऱ्याने स्वतःच्या संगणकावर, अगदी आरंभापासून, तो प्रोग्रॅम चालवून पाहावा. जाणाऱ्याने शेजारी बसून पाहावे, तोंडी उत्तर द्यावे, परंतु कीबोर्डला हात लावू नये. तासाभरात सत्य उघडकीस येते. एखादी फाइल फक्त त्याच्याच लॅपटॉपवर असते. व्याजदराचा एक तक्ता बँकेच्या कोणा अधिकाऱ्याने फोनवर सांगितलेला असतो आणि कोठेही लिहिलेला नसतो. जुळणीचा प्रोग्रॅम चालतो खरा, पण त्याआधी दोन आकडे हाताने भरावे लागतात, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. शेजारचा सहकारी जेथे जेथे अडला, ते प्रत्येक ठिकाण लिहून ठेवावे. ती यादी म्हणजेच उरलेल्या कामाचे खरे माप.

आपल्या उदाहरणात असे निष्पन्न झाले असे समजू की, त्या माणसाचे त्याच्या स्वतःच्या वेगाने 20 दिवसांचे काम राहिले आहे. 18 जुलैपर्यंत त्याच्याजवळ कामाचे जेमतेम दहा दिवस आहेत. त्यांतला निम्मा वेळ माहिती सोपविण्यात जाईल, म्हणजे तो स्वतः फार तर पाच दिवसांचे काम पुरे करील. राहिले पंधरा दिवसांचे. ते पंधरा दिवस त्याचे आहेत, त्याच्या जागी येणाऱ्याचे नव्हेत. नवख्याला, तो कितीही हुशार असो, तेच काम 22 ते 25 दिवसांचे होईल. 21 जुलैपासून मोजले, शनिवार-रविवार आणि 15 ऑगस्ट वगळला, तर काम 20 ते 25 ऑगस्टच्या दरम्यान संपते. त्यानंतर पाच दिवस मॉक रनसाठी हवेत. म्हणजे सर्व काम ठरल्याप्रमाणेच करावयाचे असेल, तर 9 ऑगस्ट सोडाच, 23 ऑगस्टही हातचा जातो.

मॉक रनच्या या पाच दिवसांविषयी थोडे थांबून सांगणे अवश्य आहे, कारण कपात करण्याची वेळ आली की सर्वांची नजर प्रथम तिकडेच वळते. मॉक रन म्हणजे संपूर्ण मायग्रेशन बँकेच्या डेटाच्या प्रतीवर आधी एकदा करून पाहणे. खरा कस लागतो तो शेवटी, जेव्हा प्रत्येक कर्जखात्याच्या शिलकीची बेरीज नव्या प्रणालीत खतावणीतील कर्जांच्या एकूण आकड्याशी ताडून पाहिली जाते. हे दोन आकडे जुळले पाहिजेत, पैशापर्यंत. समजा 3,40,000 रुपयांचा फरक आला. मॉक रनमध्ये तो मंगळवारी दुपारी सापडतो, आणि दोन दिवस शोध घेतल्यावर कळते की पुनर्गठित कर्जांचे थकीत व्याज दोनदा मोजले गेले. हाच फरक खऱ्या मायग्रेशनच्या वेळी रविवारी पहाटे तीन वाजता सापडला, तर शोध घेण्यास वेळ नसतो. तेव्हा सर्व काही मागे फिरवून सोमवारी जुनी प्रणाली पुन्हा सुरू करावी लागते, आणि बँकेचा विश्वास जो जातो तो तारखेच्या उशिराने जात नाही इतका जातो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे की हे पाच दिवस कोणत्याही पर्यायात कमी केलेले नाहीत. ते न लिहिले तर दुसऱ्या कोणी तरी बैठकीत ते कमी करून टाकील.

आता पर्याय. माझा अनुभव असा आहे की तीनहून अधिक पर्याय मांडले तर वरिष्ठ गोंधळतात आणि एकच मांडला तर त्यांना आपल्यावर निर्णय लादल्यासारखा वाटतो. प्रत्येक पर्यायाबरोबर त्याची किंमत लिहावी. किंमत नसलेला पर्याय कागदावर दिसला तर समजावे की आपण काही तरी विसरलो आहोत.

पहिला पर्याय सरळ आहे : काम आहे तसेच, तारीख 13 सप्टेंबर. 25 ऑगस्टपर्यंत काम, सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत मॉक रन, आणि वर आठवड्याभराची सवड. गणेशोत्सव त्या वर्षी ऑगस्टअखेर येत असेल आणि टीममधील निम्मी मंडळी कोकणात जाणारी असतील, तर त्या सवडीतून तेवढे दिवस आधीच वजा करून सांगावे. किंमत दुहेरी आहे. बँकेला जुन्या प्रणालीचा देखभाल-करार आणखी महिनाभर वाढवावा लागेल; आणि आपल्या करारात उशिरासाठी, समजा, दर आठवड्यास अर्धा टक्का दंड असेल, तर 40 लाखांच्या कामावर तो आठवड्याला 20,000 रुपये, म्हणजे पाच आठवड्यांचे एक लाख होतात. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय तिच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई देते. तथापि व्यवहारात ती बिलातूनच वळती होते, हे गृहीत धरून आकडा पूर्ण लिहावा.

दुसरा पर्याय कामाचा एक अवघड तुकडा बाजूला काढण्याचा. आपल्या उदाहरणात 240 पुनर्गठित कर्जखाती अशी आहेत की ज्यांच्या व्याजाचे नियम प्रत्येकी वेगळे आहेत. संख्येने ती थोडी, पण कामाच्या दृष्टीने सर्वांत भारी. नव्या माणसाचे आठ दिवस ती एकटी खातात. ही खाती मागे ठेवता येत नाहीत, कारण खतावणी जुळलीच पाहिजे. परंतु त्यांची केवळ शिल्लक नव्या प्रणालीत आणून, पुढील व्याज-हप्त्यांचा तक्ता बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांनी हाताने भरावा अशी तजवीज करता येते. एका कर्मचाऱ्याची दिवसाला चाळीस खाती धरली, तर दोघांचे मिळून तीन दिवस. हे तीन दिवस 23 ऑगस्टनंतर आणि 31 ऑगस्टच्या व्याज-आकारणीपूर्वी मिळतात. असे केल्यास काम 7 ते 12 ऑगस्टच्या दरम्यान संपते, मॉक रनला पुरे पाच दिवस मिळतात, आणि 23 ऑगस्टपूर्वी चार दिवसांची, वाईट अंदाज खरा ठरला तरी एका दिवसाची, सवड राहते. याची किंमत म्हणजे बँकेच्या माणसांचा वेळ, हाताने भरलेल्या तक्त्यांतील चुकांचा संभव, आणि दोन आठवड्यांचा 40,000 रुपये दंड.

तिसरा पर्याय, कंपनीतच अशाच मायग्रेशनवर पूर्वी काम केलेला एक जाणता माणूस तीन आठवड्यांसाठी उसना घेणे. तो नवख्यापेक्षा लवकर रुळेल. काम 15 ते 18 दिवसांवर येईल आणि काहीही न वगळता 23 ऑगस्ट साधेल. पण सवड फार तर तीन दिवसांची, आणि वाईट अंदाज धरला तर एकाही दिवसाची नाही. किंमत तुमच्या खात्यावर पडत नाही. ती दुसऱ्या टीमच्या मुदतीवर पडते. म्हणून कोणत्या टीमची, कोणती तारीख त्यामुळे सरकेल हे तुम्हीच विचारून लिहावे. ते शोधण्याचे काम साहेबांवर टाकू नये.

जाणाऱ्यालाच आणखी दोन आठवडे थांबविता येईल काय, हा प्रश्न येणारच. विचारून पाहण्यास हरकत नाही, पण ते मनुष्यबळ विभागामार्फत आणि एकदाच. त्याच्या मागे लागणे शोभत नाही आणि उपयोगही होत नाही. नोकरी सोडल्यानंतर त्याने संध्याकाळी तासभर मदत करावी अशी सोय पुष्कळांना सुचते. तिला एक कठोर मर्यादा आहे : तो कंपनीचा नोकर राहिला नाही की बँकेच्या खातेदारांची माहिती त्याच्यासमोर ठेवता येत नाही. 'हा नियम तू असा का लिहिलास?' एवढे त्याला विचारता येईल. खात्याचा क्रमांक किंवा स्क्रीनचा फोटो पाठविता येणार नाही. त्याच्या जाण्याचे कारण, घरचे असो वा पगाराचे, पत्रात लिहू नये. ते त्याचे आहे, आणि निर्णयाला त्याची गरज नाही.

पर्याय मांडून झाल्यावर शिफारस करणे अटळ आहे. 'आपण ठरवाल ते' असे लिहिणे विनयाचे दिसते, पण ज्याच्याकडे सर्वांत अधिक माहिती आहे त्यानेच मत न देणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. शिफारशीबरोबर निर्णय कधीपर्यंत हवा ती तारीख, आणि तीच तारीख का, हेही लिहावे. आपल्या उदाहरणात ती 14 जुलै आहे, आणि तिचे कारण सबळ आहे : दुसरा पर्याय मान्य झाला, तर जाणाऱ्याने आपल्या शेवटच्या आठवड्यात पुनर्गठित कर्जांना हात न लावता बाकीचे नियम पुरे करावयाचे, पहिला किंवा तिसरा मान्य झाला, तर त्याच आठवड्यात त्याने नेमके ते अवघड नियम समजावून द्यावयाचे. 18 तारखेनंतर घेतलेला निर्णय त्याचा तो आठवडा परत आणू शकत नाही.

बुधवारचे पत्र मग असे होईल. कार्यालयात ते इंग्रजीत जाणार असले तरी क्रम हाच ठेवावा.

'विषय : बँक मायग्रेशन : 9 ऑगस्टची तारीख पाळता येणार नाही, 14 जुलैपर्यंत आपला निर्णय हवा.

महोदय,
सोमवारी कळविल्याप्रमाणे कर्ज-व्याज विभागाचे काम पाहणारे सहकारी 18 जुलै रोजी कार्यमुक्त होत आहेत. त्यांचे राहिलेले काम आम्ही दोन दिवस प्रत्यक्ष चालवून तपासले. त्यांच्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला ते 22 ते 25 दिवसांचे होईल. त्यावर मॉक रनचे पाच दिवस. यामुळे 9 ऑगस्ट शक्य नाही, आणि काम जसेच्या तसे ठेवल्यास 23 ऑगस्टही शक्य नाही.

आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. (अ) सर्व काम, 13 सप्टेंबर. दंड सुमारे एक लाख, आणि बँकेस जुन्या प्रणालीचा करार महिनाभर वाढवावा लागेल. (आ) 240 पुनर्गठित कर्जांची केवळ शिल्लक नेणे व त्यांचे तक्ते बँकेने हाताने भरणे, 23 ऑगस्ट. दंड सुमारे 40,000, आणि बँकेची संमती आवश्यक. (इ) दुसऱ्या टीममधील अनुभवी सहकारी तीन आठवडे मिळाल्यास सर्व काम, 23 ऑगस्ट. दंड तेवढाच, सवड अत्यल्प, आणि त्या टीमची ऑगस्टची मुदत सरकेल. मॉक रन कोणत्याही मार्गात कमी केलेला नाही.

माझी शिफारस (आ) ची आहे. 1 ऑगस्टपर्यंत जुळणीचा प्रोग्रॅम नव्या सहकाऱ्याच्या हातून, बँकेच्या डेटाच्या प्रतीवर, फरक न येता चालला नाही, तर आपण त्याच दिवशी (अ) कडे वळावे. 18 जुलैपर्यंतचा वेळ योग्य प्रकारे वापरता यावा यासाठी सोमवार, 14 जुलैपर्यंत आपला निर्णय मिळावा. बँकेशी आपण बोलाल, की मी टिपण तयार करून देऊ, तेही कळवावे.'

हे पत्र एका पडद्यावर मावते, आणि त्यातील पहिल्याच ओळीत, विषयाच्याही ओळीत, वाईट गोष्ट आहे. पुष्कळ पत्रांत ती तिसऱ्या परिच्छेदात, कामाच्या प्रगतीच्या वर्णनाखाली, दडलेली असते. साहेब ती मोबाइलवर अर्धी वाचून बैठकीला जातात, आणि तेथे बँकेला 9 ऑगस्टचे आश्वासन पुन्हा देऊन बसतात.

पत्र पोचल्यावर बोलावणे येईल, आणि दोन गोष्टी विचारल्या जातील. पहिली : '9 ऑगस्टलाच करता येणार नाही का?' याला 'नाही' एवढेच उत्तर देऊ नये; 'करावयाचे तर काय सोडावे लागेल' ते सांगावे. 'सर, 9 तारखेला करावयाचे तर पुनर्गठित कर्जे बाजूला काढूनही मॉक रन सोडावा लागेल, आणि कर्जांची बेरीज जुळते की नाही हे आपल्याला प्रथम त्या रविवारी पहाटे कळेल.' हे ऐकल्यावर बहुतेक वरिष्ठ तो हट्ट सोडतात. जे सोडत नाहीत त्यांच्यापाशी ही जोखीम त्यांच्या लेखी मंजुरीनेच घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक सद्भावनेने येते, म्हणून अधिक अवघड असते : 'तुला आणखी दोन माणसे देतो.' येथे फ्रेड ब्रुक्स यांचे नाव घेण्यास हरकत नाही. आयबीएममध्ये ओएस/360 या प्रणालीच्या निर्मितीची धुरा वाहिलेल्या या गृहस्थांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या 'द मिथिकल मॅन-मन्थ' या पुस्तकात मांडलेला सिद्धान्त असा की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसे घातली असता ते आणखी उशिरा होते. कारण उघड आहे. नव्यांना शिकविण्याचा वेळ जुन्यांच्या कामातूनच जातो, आणि परस्परांशी बोलावे लागेल अशा जोड्या माणसांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढतात : पाच जणांत दहा, सात जणांत एकवीस. म्हणून नम्रपणे म्हणावे, 'सर, दोन नवीन माणसांऐवजी हे काम केलेला एक माणूस तीन आठवडे मिळाला तर उपयोग होईल,' आणि पत्रातील (इ) कडे बोट दाखवावे. रात्री जागून आणि शनिवारी येऊन भरून काढण्याचा मार्ग एखाद्या आठवड्यापुरता ठीक आहे. महिनाभर तो चालविला तर त्याच टीममधून दुसरा राजीनामा येण्याचा संभव असतो, हे वरिष्ठांना सांगण्यात संकोच बाळगू नये.

निर्णय झाल्यावर बँकेला कोणी सांगावे, हे साहेबांनी ठरवावयाचे. तोपर्यंत टीममधील कोणीही बँकेच्या माणसांशी नव्या तारखेविषयी बोलू नये. कारण ग्राहकांना सेवा बंद राहण्याची पूर्वसूचना देणे, शाखांतून फलक लावणे, एसएमएस पाठविणे या सर्व गोष्टी बँकेला त्या तारखेवर बेतावयाच्या असतात, आणि तारीख दोनदा बदलणे तिला एकदा उशीर होण्यापेक्षा जड जाते. यापुढे दर शुक्रवारी साहेबांना चार ओळी पाठवाव्या : अंदाजाची कोणती बाजू खरी होऊ पाहते आहे, सवड किती उरली, आणि 1 ऑगस्टच्या परीक्षेविषयी तूर्त काय वाटते. सवड चार दिवसांवरून तीनवर आली, तर ते त्याच शुक्रवारी लिहावे.

एक शक्यता राहिली. समजावणीने किंवा वाढीव पगाराने जाणारा माणूस 'थांबतो' असे म्हणतो, आणि सर्वत्र सुटकेचा निःश्वास टाकला जातो. अशा वेळी वरील पत्र मागे घेण्याची घाई करू नये. राजीनामा लेखी मागे घेतला गेला आणि मनुष्यबळ विभागाने तो लेखी स्वीकारला, एवढे झाल्यावरच नवी तारीख मांडावी; आणि तोवर सुरू झालेले हस्तांतरण, शेजारी बसून प्रोग्रॅम चालविण्याचा तो क्रम, आहे तसा पुढे चालू ठेवावा. तो माणूस थांबला तरी जुळणीचा प्रोग्रॅम चालविता येणारी माणसे आता टीममध्ये दोन असली पाहिजेत.